रापणीच्या चालीवर भजन बांधताना

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. ते ओढताना एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ‘हैसा रे हैसा’ म्हणून दोर खेचतात. या चालीवर गणपतीसाठी भजन बांधायचं असेल, तर आधी ‘है’ कुठे पडतो ते पकडा. जोर तिथे लागतो, म्हणून तिथे दीर्घ किंवा जोडाक्षराआधीचं अक्षरच हवं.

‘हैसा रे हैसा’ म्हणजे सलग पाच गुरू अक्षरं. तिथे ‘देवा हो देवा’ अलगद बसतं. ‘गणपती’ घातलंत की पहिली तीन अक्षरं लघू येतात, गाणारे घाईने ‘ती’वर उडी मारतात आणि खेच हरवते. ‘गणपती’ बुवांच्या ओळीत ठेवा, तिथे जागा मोकळी असते. शंका असेल तर टाळ-पखवाज बाजूला ठेवून दोघांनी खरोखर दोर ओढत गा. हात एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जाऊ लागले, तर शब्द बदला, चाल नको.

खेचीनंतर दम घ्यायला थोडी उसंत असते. पखवाजवाल्याला ती भरायचा मोह होतोच, पण भरली की चाल धावायला लागते.

मूळ गाण्यात थट्टेच्या ओळी असतील, तर त्यात नुसतं देवाचं नाव घुसडू नका. ऐकणाऱ्याला जुनी ओळ आठवते आणि आरतीत हशा पिकतो. ती कडवी नव्याने लिहा. गाण्यात आधीच एखाद्या देवीचं नाव असेल, तर ते तसंच राहू द्या. ज्या वाड्यातली चाल आहे तिथल्या जाणत्यांना विचारा, आणि गाताना त्या वाड्याचं नाव सांगा.