प्रत्येक फ्रेममध्ये तोच डाग? या चुका टाळा

किनाऱ्यावर शूट केलेलं फुटेज माझ्याकडे एडिटला आलं की आभाळात डाग असणार हे मी धरूनच चालतो. डागाचं मला काही वाटत नाही. तो काढायला जाऊन पोरं जे करून ठेवतात, ते निस्तरताना जीव जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी फुटेज स्थिर करायचं आणि मग डागाला हात घालायचा. माझ्या भाच्याने मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना होडीतून शूट केलं. ऊन कडक, एनडी फिल्टर नाही, म्हणून अ‍ॅपर्चर थेट एफ/१६. सेन्सरवरची धूळ एफ/२.८ ला दिसतही नाही, पण एफ/१६ ला तिची सावली आवळते आणि काळी होते. त्याच्या प्रत्येक क्लिपमध्ये उजवीकडे वर एक करडा ठिपका होता. होडी हलत होती म्हणून त्याने पहिल्यांदा सगळ्या क्लिपवर स्टॅबिलायझर टाकला, मग ठिपक्यावर आभाळाचा तुकडा चिकटवला. रात्री फोन आला, "मामा, डाग हलता हा!"

हलणारच. धूळ कॅमेऱ्याला चिकटलेली असते, किल्ल्याला नाही. मूळ फुटेजमध्ये ती एका जागी ठाम असते. स्टॅबिलायझर किल्ला स्थिर ठेवण्यासाठी अख्खी फ्रेम सरकवतो, तेव्हा ठिपका होडीच्या हेलकाव्यांबरोबर नाचायला लागतो. भाचा मग एकेका फ्रेमला कीफ्रेम लावत बसला होता. मी त्याला स्टॅबिलायझर, झूम, क्रॉप सगळं काढायला लावलं. ठिपका जागेवर आला. एकदा दुरुस्ती केली आणि त्याच अ‍ॅपर्चरच्या बाकीच्या क्लिपवर तीच कॉपी केली. मग DaVinci Resolve मध्ये दुरुस्त क्लिपची कंपाउंड क्लिप बनवून तिच्यावर स्टॅबिलायझर टाकला. प्रीमिअरवाल्यांनी नेस्ट करावं. ज्यांचा मोबाइल किंवा अ‍ॅक्शन कॅमेरा शूट करतानाच डिजिटल स्टॅबिलायझेशन करतो, त्यांना मात्र ही सोय नाही. त्यांच्या फाइलमध्ये डाग आधीच हललेला येतो, त्यांनी ट्रॅकिंग करत बसावं.

दुसरी चूक मला जास्त चिडवते, कारण ती आळसातून येते: दिसला डाग की चिकटव तुकडा. मोकळ्या आभाळावर ते खपतं. पण भाच्याच्या क्लिपमध्ये होडी वळली आणि किल्ल्याचा तट त्या ठिपक्याखालून गेला. तिथे तटाला भोक पडून आतून आभाळ दिसत होतं.

अशा ठिपक्यामागचं चित्र बहुतेक वेळा शिल्लक असतं, फक्त थोडं काळोखलेलं. धूळ तिथल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा खाते, आभाळाचाही तेवढाच आणि तटाचाही तेवढाच. म्हणून तो हिस्सा परत द्यायचा. ठिपक्यावर मऊ कडेचा गोल मास्क घाला. फुटेज लॉगमध्ये असेल तर रंग-रूपांतराच्या आधीच्या नोडमध्ये Offset वाढवा, लिनिअरमध्ये काम करत असाल तर Gain. वेव्हफॉर्मवर आभाळाच्या रेषेत ठिपक्यापाशी खळगा दिसतो, तो भरला की थांबा. मग काळसर वस्तू त्या जागेवरून जाणारी फ्रेम शोधून तपासा. तिथे उजळ ठिपका दिसला तर बहुधा तुम्ही रूपांतर झाल्यानंतरच्या चित्रावर काम करताय. त्या चित्रावर आभाळाला बरोबर बसलेला आकडा तटाला बसत नाही.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ठिपका मधोमध पार काळा असेल तर उजळायला खाली काही उरलेलं नसतं, तिथे तुकडाच लावावा लागतो. लेन्सवर खाऱ्या पाण्याचा फराटा असेल आणि सूर्य समोर असेल, तर तो फराटा प्रकाश खाण्याऐवजी स्वतःच चमकतो. त्या क्लिप मी सरळ टाकून देतो. आणि तुकडा लावायचाच तर चालू फ्रेममधलाच घ्या. फोटोसारखी एकच फ्रेम चिकटवलीत तर तिथला ग्रेन गोठतो, आणि डागाऐवजी काचेचा तुकडा चिकटल्यासारखं दिसतं.

DaVinci Resolve मधलं Dust Buster यासाठी नाही. ते जुन्या फिल्मवर एखाद्या फ्रेमपुरत्या आलेल्या कचऱ्यासाठी आहे. शेजारच्या फ्रेममधून ते चित्र उचलतं आणि आपल्याकडे शेजारीही तोच डाग असतो.

पुढच्या शूटआधी एफ/१६ ला कोऱ्या आभाळाचा फोटो काढून बघा. लेन्स बदलूनही ठिपका त्याच जागी राहिला तर तो सेन्सरवर आहे. कॅमेरा उपडा धरून ब्लोअर मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. समोरच्या काचेवर खारं पाणी वाळलं असेल तर शर्टाच्या टोकाने कोरडं पुसू नका, मिठाचे कण कोटिंग ओरबाडतात. आधी ब्लोअर, मग लेन्स क्लीनरने ओला केलेला टिश्यू. यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तो काढून गोड्या पाण्याखाली धरला तरी चालतो.