सोन्याचा भाव विचारण्याआधी

"आज सोनं काय भाव?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कशाचा?" चोवीस कॅरेटचा १० ग्रॅमचा भाव १,००,००० रुपये आहे असं हिशेबापुरतं धरू. त्याच दिवशी, त्याच दुकानात कुणी ९१,६०० सांगेल, कुणी १,१६,६४० आणि कुणी १,०३,०००. यातलं खोटं कुणीच बोलत नसतं. पहिल्याने १० ग्रॅम बावीस कॅरेटचा भाव सांगितला, दुसऱ्याने जुन्या तोळ्याचा, तिसऱ्याने जीएसटी धरून. म्हणून आकडा ऐकायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करायच्या, आणि माझ्या मते क्रम असा.

आधी एकक. नवा हिशेब ग्रॅमचा. दुकानात आज 'तोळा' म्हणतात तेव्हा बहुधा १० ग्रॅमच अभिप्रेत असतात. पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. जुनी पावती, आजीची वही, घरात तोंडी चालत आलेलं वजन, हे सगळं त्या जुन्या तोळ्यात असू शकतं.

मी फसले ती इथेच. आजेसासूबाईंच्या पाटल्या 'तीन तोळ्यांच्या' असं सगळ्या घराला पाठ. वाटणीत त्या नणंदेने ठेवायच्या आणि निम्मी किंमत आम्हाला द्यायची असं ठरलं. मी झटकन गणित केलं: तीन तोळे म्हणजे ३० ग्रॅम, आणि त्या दिवशी ऐकलेला भाव. वरचा धरलेला भाव घेतला तर ३,००,००० होतात. आकडा सगळ्यांना पटला. पुढे सहज वजन केलं तर काटा ३५ ग्रॅमवर थांबला. शिवाय मी लावलेला भाव चोवीस कॅरेटचा होता आणि टंच काढल्यावर, म्हणजे शुद्धता तपासल्यावर, पाटल्या निघाल्या बावीसच्या. खरा हिशेब ३५ गुणिले ९,१६०, म्हणजे ३,२०,६००. आमच्या वाट्याचे दहा हजार तीनशे रुपये गेले, आणि गेले ते माझ्याच हुशारीमुळे.

नीट बघा काय झालं ते. वजन कमी धरल्याने किंमत खाली आली, शुद्धता जास्त धरल्याने वर गेली, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. फक्त वजन चुकलं असतं तर २,७४,८०० आले असते, फक्त कॅरेट चुकलं असतं तर ३,५०,०००. दोन्ही आकडे कुणाच्या तरी डोळ्यांना खटकले असते. म्हणून 'आकडा बरोबर वाटतोय' याला मी आता काडीची किंमत देत नाही. जुना दागिना असेल तर तोळे विसरा, काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहा. कुंदन, मोती, लाख असेल तर त्यांचं वजन वजा करूनच.

मग शुद्धता. चोवीस म्हणजे हजार भागांत ९९९ किंवा ९९५ भाग शुद्ध सोनं, बावीस म्हणजे ९१६, अठरा म्हणजे ७५०. हॉलमार्क असेल तर दागिन्यावर 22K916 असं कोरलेलं दिसतं, सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. शिक्का नसेल तर टंच काढून घ्या. 'आमच्याकडे बावीसच असायचं' हा पुरावा नव्हे. आणि चोवीसच्या भावाला ०.९१६ ने गुणून आलेल्या आकड्यावरून सराफाशी भांडू नका. तो अंदाज आहे. दुकान बावीसचा भाव स्वतंत्र लावतं.

तिसरं, भावात काय धरलंय. जाहीर भावात घडणावळ नसते आणि बहुतेकदा जीएसटीही नसतो. दागिना घेताना सोनं अधिक घडणावळ, या बेरजेवर ३ टक्के लागतात. मोडीला मात्र घडणावळ परत मिळत नाही, वर घट कापतात. तेव्हा घ्यायचंय की मोडायचंय हे आधीच सांगा, नाहीतर सराफ सवयीने विक्रीचा भाव सांगेल.

तारखेसोबत वेळही लिहा. सराफ संघटना आयबीजेए कामकाजाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ असे दोन दर काढते, शनिवारी-रविवारी काढत नाही. त्यामुळे रविवारचा 'आजचा दर' म्हणून जो पुढे केला जातो तो पुष्कळदा शुक्रवार संध्याकाळचा असतो.

शहर सगळ्यात शेवटी. लोक सुरुवात तिथूनच करतात याची मला गंमत वाटते. आयात शुल्क देशभर एकच आणि २०१७ पासून जीएसटीही एकच, त्यामुळे शहराशहरांतला फरक किरकोळ असतो. त्यापेक्षा एकाच गल्लीतल्या दोन दुकानांच्या घडणावळीत जास्त फरक निघतो.

आता फोन लावा आणि विचारा: "३५ ग्रॅम, बावीस कॅरेट, मोडायचंय, आत्ताचा ग्रॅमचा भाव काय आणि घट किती धरता?"