चाळीस अंशांत तगलेली गाय जूनमध्ये का धापा टाकते?

एप्रिलमध्ये पारा ४० वर होता, तेव्हा गाई कशाबशा तगल्या. आता जूनमध्ये ढग आले, पारा ३२ वर उतरला, आणि नेमकं आताच दूध कमी झालं, असं दरवर्षी या दिवसांत अनेक गोठ्यांत ऐकायला मिळतं. मग चाऱ्यावर संशय घेतला जातो, पेंडीची गोणी बदलली जाते. खरं कारण बहुतेक वेळा हवेतली आर्द्रता असते.

गाय अंगातली उष्णता मुख्यतः घाम आणि श्वासावाटे पाण्याची वाफ करून बाहेर टाकते. हवा कोरडी असेल तर वाफ लगेच उडते. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम अंगावरच राहतो आणि गाईचा उपाय खुंटतो. म्हणून एकट्या तापमानावर विसंबू नये, तापमान आणि आर्द्रता मिळून निघणारा टीएचआय हा निर्देशांक पाहावा. त्याचं एक प्रचलित सूत्र असं आहे. T म्हणजे सेल्सिअसमधलं तापमान, RH म्हणजे आर्द्रतेची टक्केवारी:

```
THI = (1.8*T + 32) - (0.55 - 0.0055*RH) * (1.8*T - 26)
```

एप्रिलची दुपार घ्या. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता, निर्देशांक येतो सुमारे ८४. आता जूनची ढगाळ दुपार, ३२ अंश आणि ७० टक्के. निर्देशांक पुन्हा ८४ च. पारा आठ अंशांनी उतरूनही गाईवरचा ताण तेवढाच राहिला.

फरक पडतो रात्रीत. एप्रिलच्या कोरड्या रात्री २२ अंश आणि ४० टक्के असेल तर निर्देशांक ६७ पर्यंत उतरतो. दिवसभर साठलेली उष्णता गाय रात्रीत सोडून देते आणि पहाटे गव्हाणीवर नीट उभी राहते. जूनच्या दमट रात्री २५ अंश आणि ९० टक्के असेल तर निर्देशांक ७६ च्या खाली येत नाही. म्हणजे गाईला चोवीस तासांत उसंतच नाही. अशा दोन-तीन रात्री सलग गेल्या की चारा खाणं कमी होतं आणि दूध उतरतं. ही घट एक-दोन दिवस उशिराने दिसते, त्यामुळे दूध कमी झाल्यावर पंखा लावणारा माणूस दोन दिवस मागे असतो.

ताण कुठून धरायचा? पूर्वी ७२ ही सीमा सांगत. भरपूर दूध देणाऱ्या गाईंसाठी ती आता ६८ पर्यंत खाली आणली आहे, कारण जास्त दूध म्हणजे जास्त खाद्य आणि जास्त खाद्य म्हणजे पोटात जास्त उष्णता. वीस-पंचवीस लिटरच्या होल्स्टीन संकरित गाईसाठी मी ६८ च धरतो. गीर, खिलार अशा देशी गाई याहून बरंच सोसतात. ७२ चा आकडा २० टक्के आर्द्रतेत साधारण २८ अंशांना गाठला जातो, ५० टक्क्यांत २५ ला आणि ८० टक्क्यांत २३ लाच. दमट दिवसांत आपल्याला गारवा वाटत असतानाच गाय सीमा ओलांडून गेलेली असते.

मोजमाप मोबाइलच्या हवामानावरून करू नका. तो आकडा तुमच्या गोठ्याचा नसतो. पत्र्याखाली मूत्र, शेण आणि जनावरांच्या श्वासाने हवा बाहेरच्यापेक्षा दमट आणि गरम होते. तापमान व आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल यंत्र गाईच्या पाठीच्या उंचीवर, उन्हापासून आणि पाण्याच्या तुषारांपासून दूर टांगा. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा अशा तीन वेळच्या नोंदी पुरतात. त्यात रात्रीची सर्वांत महत्त्वाची.

यंत्राने सांगितलेलं जनावराकडून पडताळून घ्या. गाय सावलीत शांत उभी असताना बरगडीमागची खळगी अर्धा मिनिट पाहा आणि आलेला आकडा दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या वर श्वास म्हणजे ताण सुरू झाला. ८० च्या वर गेले तर गार करणं लांबवू नये. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळते आहे, ही शेवटच्या टप्प्याची लक्षणं आहेत. अंगाचं तापमान १०२.५ फॅरनहाइटच्या वर जायला लागलं की समजा, शरीर हरायला लागलं.

आता गार कसं करायचं. इथे सर्वांत जास्त चूक होते ती फॉगरची. एप्रिलच्या कोरड्या हवेत धुक्यासारखे बारीक थेंब हवेतच विरतात आणि गोठा खरोखर गार होतो. जूनमध्ये तेच फॉगर चालू ठेवले तर थेंब विरत नाहीत, आर्द्रता आणखी चढते आणि केसांवर पाण्याचा पातळ थर बसून आतली उष्णता कोंडते. मी असा गोठा पाहिला आहे जिथे फॉगर बंद करून पंखे चालू केल्यावर अर्ध्या तासात श्वास कमी झाले.

दमट दिवसांत हवेऐवजी गाय गार करायची. मोठ्या थेंबांचा फवारा किंवा पाइप घेऊन पाठ आणि खांदे कातडीपर्यंत भिजवा, साधारण एक मिनिट. पाणी पोटाखालून कासेवर ओघळायला लागण्याआधी थांबा, नाहीतर दगडी आणि खुरांचे आजार मागे लागतात. मग पाच मिनिटं पंख्याचा जोरदार वारा अंगावर सोडा. वारा नसेल तर भिजवणं थांबवा, कारण ओली, बिनवाऱ्याची गाय म्हणजे अंगावर वाफेची गोधडी.

समजा दुपारी चारला एका गाईचे श्वास ८४ आणि ताप १०३ आहे. एक मिनिट पाणी, पाच मिनिटं वारा, अशी सहा आवर्तनं केली की छत्तीस मिनिटं होतात. त्यानंतर श्वास ६० च्या आसपास आणि ताप १०२ च्या जवळ आला, तर उपाय लागू पडला. नाही आला तर आणखी तीन आवर्तनं करा आणि पंख्याचा वारा मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो का ते तपासा. निर्देशांक ७८ च्या वर असेल तर हे दर दोन-तीन तासांनी, दोन्ही धारांच्या आधी मात्र नक्की. रात्री दहाची नोंद ७२ च्या वर असेल तर झोपण्यापूर्वी एक फेरी आणि पंखे रात्रभर चालू.

म्हशींचं थोडं वेगळं आहे. काळी कातडी ऊन ओढून घेते आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी असतात, त्यामुळे मुऱ्हा काय, पंढरपुरी काय, उन्हात उभी राहिली की आकडा कमी असतानाही त्रास होतो. हे सूत्र ऊन आणि वारा मोजत नाही, हे लक्षात ठेवा. म्हशीला दाट सावली आणि डुंबायला पाणी हवं. डोह किंवा टाकं नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा अंगावर भरपूर पाणी आणि त्यानंतर वारा. तिचा माज या दिवसांत मुका राहतो, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा पाहणी करा. रेतन केल्यानंतरचे काही दिवस तिला गार ठेवणं विसरू नका. गर्भ रुजण्याआधीच उष्णतेने जातो, आणि मग तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर दिसते.