नोंदणी झाली की नाही? मोबाइल ॲपमधील एका त्रुटी-संदेशाचा अनुभव

ॲप बनवण्याच्या कामाला मी नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हा भेटीची वेळ राखून ठेवण्याच्या एका ॲपमधील त्रुटी-संदेश सुधारण्याचे काम माझ्याकडे आले. तक्रार अशी होती की काही लोकांच्या नावावर एकाच कामासाठी दोन-दोन, क्वचित तीन वेळा राखल्या जात होत्या आणि प्रत्यक्षात त्यांतली एकच वापरली जात होती. पडद्यावर त्यांना दिसलेला संदेश असा होता : ‘काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.’ मला वाटले, शब्द थोडे सौम्य आणि स्पष्ट केले की काम संपेल. प्रत्यक्षात ते वाक्य खोटे होते, आणि खोट्या वाक्याची भाषा सुधारून काही उपयोग नव्हता.

घडत होते ते असे. वापरकर्ता ‘वेळ नोंदवा’ हे बटण दाबत असे आणि विनंती सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोहोचत असे. गर्दीच्या वेळी सर्व्हरला उत्तर द्यायला १२ ते १४ सेकंद लागत. अँड्रॉइडवर सर्व्हरशी संपर्क साधण्यासाठी आम्ही OkHttp ही लायब्ररी वापरत होतो. तीत उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा वेगळी ठरवून दिली नसेल, तर ती १० सेकंदांची असते आणि आम्ही ती ठरवलेली नव्हती. त्यामुळे दहाव्या सेकंदाला ॲप वाट पाहणे सोडून देई व त्रुटी दाखवी, आणि त्यानंतर दोन-चार सेकंदांनी सर्व्हरवर नोंदणी पूर्ण होई. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे वाचून माणूस सांगितल्याप्रमाणे पुन्हा बटण दाबे आणि दुसरी नोंदणी होई. चूक वापरकर्त्याची नव्हती. त्याने आमचे ऐकले होते.

यातून मला जे कळले ते नवोदितांनी सर्वप्रथम लक्षात घ्यावे असे मला वाटते. संदेश लिहायला बसण्यापूर्वी, त्या क्षणी ॲपला नेमके काय ठाऊक आहे, हे शोधले पाहिजे. नोंदणीसारख्या कामात तीन अवस्था संभवतात : विनंती बाहेर पडलीच नाही, विनंती पोहोचली आणि सर्व्हरने स्पष्ट नकार दिला, किंवा विनंती गेली पण पुढे काय झाले ते कळले नाही. पहिल्या दोन अवस्थांसाठी संदेश लिहिणे तुलनेने सोपे असते. तिसरी अवस्था बहुतेक ॲपमध्ये वेगळी ओळखलीच जात नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आम्ही अँड्रॉइडवरील विभागणी अशी केली :

```kotlin
val message = when (e) {
    is UnknownHostException -> R.string.not_sent
    is ConnectException -> R.string.not_sent
    else -> R.string.outcome_unknown
}
```

पहिल्या दोन प्रकारांत सर्व्हरचा पत्ताच सापडलेला नसतो किंवा जोडणीच झालेली नसते, त्यामुळे विनंती गेली नाही असे खात्रीने सांगता येते. उरलेले सारे, विशेषतः `SocketTimeoutException`, आम्ही ‘माहीत नाही’ या खात्यात टाकले. हा अपवाद जोडणी होण्यास वेळ लागला तरी येतो आणि उत्तर येण्यास वेळ लागला तरी येतो, म्हणून केवळ त्याच्या नावावरून निष्कर्ष काढता येत नाही. शंका असेल तेव्हा ‘झाले नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘कळले नाही’ असे म्हणणे सुरक्षित असते. सर्व्हरकडून 500 किंवा 504 हा कोड आला तरीही हेच लागू पडते, कारण नोंदणी लिहून झाल्यानंतर पुढच्या एखाद्या टप्प्यावर बिघाड झालेला असू शकतो. 409 मात्र आमच्या सर्व्हरवर ‘ही वेळ आधीच घेतली गेली आहे’ याच अर्थाने वापरला जात होता, म्हणून तो स्पष्ट नकार मानता आला. तुमच्या सर्व्हरवर कोणता कोड कोणत्या अर्थाने येतो, हे सर्व्हरचे काम पाहणाऱ्यांशी बोलूनच ठरवावे. तर्काने ठरवू नये.

यानंतर लिहिलेले संदेश असे होते. विनंती गेली नसेल तर : ‘इंटरनेट जोडणी मिळाली नाही, त्यामुळे वेळ नोंदवली गेलेली नाही. तुम्ही भरलेली माहिती जशीच्या तशी आहे. जोडणी तपासून पुन्हा नोंदवा.’ वेळ आधीच घेतली गेलेली असेल तर : ‘ही वेळ नुकतीच दुसऱ्या कोणीतरी घेतली. त्याच दिवसाच्या मोकळ्या वेळा खाली दिल्या आहेत.’ आणि काहीच कळले नसेल तर : ‘तुमची विनंती पाठवली, पण उत्तर अजून आलेले नाही. वेळ नोंदवली गेली असण्याची शक्यता आहे. पुन्हा नोंदवण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.’ या शेवटच्या संदेशाखाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण मी मुद्दाम ठेवले नाही. लोक मजकुरापेक्षा बटण आधी पाहतात, आणि मजकूर ‘थांबा’ म्हणत असताना बटण ‘दाबा’ म्हणत असेल तर बटणाचेच ऐकले जाते.

केवळ शब्दांनी हा प्रश्न पूर्ण सुटला नाही, हेही सांगितले पाहिजे. सर्व्हरवरील सहकाऱ्यांनी प्रत्येक नोंदणीसोबत एक स्वतंत्र ओळखक्रमांक पाठवण्याची सोय केली. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर नवी नोंदणी न करता आधीच्याच नोंदणीचे उत्तर परत पाठवायचे, अशी ती योजना होती. पहिल्या प्रयत्नात मी तो क्रमांक बटण दाबण्याच्या फंक्शनमध्ये तयार केला, त्यामुळे प्रत्येक दाबण्यासरशी नवा क्रमांक जाऊ लागला आणि दुहेरी नोंदणी चालूच राहिली. क्रमांक अर्ज उघडताना एकदाच तयार करून, निश्चित उत्तर येईपर्यंत फोनमध्ये जपून ठेवल्यावर ती थांबली.

संदेश कुठे दिसतो यालाही महत्त्व आहे. जुना संदेश टोस्टच्या रूपात येत असे, आणि अँड्रॉइडवर टोस्ट अधिकात अधिक साडेतीन सेकंदांच्या आसपास टिकतो. सावकाश वाचणाऱ्या माणसाला तेवढ्यात दोन वाक्ये वाचून त्यांचा अर्थ लावता येत नाही. आम्ही संदेश बटणाच्या लगेच वर, वापरकर्ता स्वतः पुढे जाईपर्यंत राहील असा ठेवला, आणि टॉकबॅक वापरणाऱ्यांना तो आपोआप वाचून दाखवला जाईल याची व्यवस्था केली.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इंग्रजी ॲपच्या सवयीने वाक्याचा साचा एकीकडे आणि त्यात बसवायचा शब्द दुसरीकडे ठेवला, तर ‘वेळ’चे ‘वेळेची’ आणि ‘तारीख’चे ‘तारखेची’ होणे साच्याला जमत नाही आणि वाक्य मोडते. म्हणून प्रत्येक संदेश पूर्ण वाक्य म्हणूनच लिहावा.

तपासणीसाठी विमान मोड सुरू करून पाहणे पुरेसे नसते, कारण त्यातून फक्त पहिली अवस्था दिसते. आम्ही चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम १५ सेकंदांचा विलंब लावला आणि ॲप कधीही न वापरलेल्या एका व्यक्तीला नोंदणी करायला सांगितली. संदेश वाचल्यावर मी तिला एवढेच विचारले, “आता तुम्ही काय कराल?” ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “तपासा म्हणतात, पण कुठे तपासू?” खालच्या बटणावर आम्ही ‘माझे खाते’ असे लिहिले होते. त्याच दिवशी ते बदलून ‘नोंदणी झाली का ते पाहा’ असे केले, आणि ते दाबल्यावर थेट त्या दिवसाच्या नोंदणींची यादी उघडेल असे जोडले.