या चुका टाळा: निळा पंप संपतो, रोजचा पंप भरलेलाच

नागपुरात दिवाळीनंतर थंडी पडली की माझ्या औषधाच्या दुकानात दम्याच्या निळ्या पंपाची मागणी वाढते. दर महिन्याला निळा नेणारी कितीतरी माणसं रोजचा पंप मात्र मागतच नाहीत. मला सगळ्यात जास्त खुपते ती हीच चूक.

निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. काही मिनिटांत बरं वाटतं आणि चार-सहा तासांत असर उतरतो. नळीच्या आतली सूज मात्र तशीच राहते. ती उतरवायचं काम रोजच्या पंपातलं ब्युडेसोनाइडसारखं स्टिरॉइड करतं, पण त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. लोकांना तेवढा धीर नसतो.

महालातले एक काका म्हणाले, "रात्री उठून बसावं लागते जी. आता डॉक्टरले जास्त पॉवरचा पंप मागतो." मी म्हटलं, आधी दोन्ही पंप घेऊन या. रोजचा पंप 200 मात्रांचा होता. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे 50 दिवसांत संपायला हवा. घेऊन चार महिने झाले होते आणि काउंटरवर 148 दिसत होते. "त्यानं काही वाटतच नाही, मंग काहून घ्यायचा?"

मग घेऊन दाखवायला सांगितलं. पंप हलवला नाही, आधी दाबला आणि नंतर श्वास ओढला. अर्धा फवारा तोंडातून बाहेर आला, उरलेला जिभेवर बसला. असं असताना औषधाची पायरी चढवून काय होणार? डॉक्टरांनी पॉवर तीच ठेवली आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा पोकळ नळा, दिला. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर ओठांत घट्ट धरायचा, एकदा दाबून लगेच सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटानं, पंप पुन्हा हलवून. दोन महिन्यांत त्यांचं रात्रीचं उठणं थांबलं.

असं तीनेक महिने टिकलं की पायरी उतरवतात, पण तीही डॉक्टरांनीच. बरं वाटलं म्हणून स्वतःच पंप बंद करणाऱ्यांचा मला राग येतो.

रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. पावडर ओढायच्या रोटाहेलरची कॅप्सूल गिळायची नसते, आणि त्यात श्वास जोरात ओढायचा असतो, पंपासारखा सावकाश नाही.

पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक तो बदलतो. औषधाचं नाव वाचा. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल असेल, तर काहींना तोच रोजचा आणि तोच अडीअडचणीचा म्हणून दिलेला असतो. निळा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दोन्ही पंप घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि निळा ओढूनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर थेट दवाखाना गाठा.