एक्स्टेंडेड वॉरंटी रद्द करताय? महिने मोजताना या चुका टाळा

नाशिकहून बदली झाली, वॉशिंग मशीन विकलं आणि वॉरंटीचे बरेच महिने शिल्लक आहेत, अशा वेळी परताव्याचा हिशोब बहुतेकदा एकाच ठिकाणी चुकतो: महिने खरेदीच्या तारखेपासून मोजले जातात.

इंदिरानगरमधल्या एका घराचं उदाहरण घेऊ. मशीन 10 मार्च 2024 ला घेतलं. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची. त्यावर 36 महिन्यांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली, 3,600 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,248 रुपये. तिचं संरक्षण 10 मार्च 2025 पासून सुरू झालं. रद्द करण्याचा अर्ज गेला 20 नोव्हेंबर 2025 ला.

दुकानदार बिलाची तारीख धरून सांगतो, ‘21 महिने झाले, 15 उरले, 1,500 मिळतील.’ हे बरोबर नाही. पहिले बारा महिने कंपनीचीच वॉरंटी होती, तेव्हा या वॉरंटीचा एक दिवसही वापरला गेला नाही. तिचे आठ महिने पूर्ण झाले आणि नववा चालू आहे. चालू महिना पूर्ण धरण्याची अट असली तरी वापरलेले नऊच, उरलेले 27. महिन्याला 100 रुपये, म्हणजे 2,700. एका तारखेपायी 1,200 रुपयांचा फरक! म्हणून बिल नव्हे, वॉरंटीचं सर्टिफिकेट उघडा आणि त्यावरची सुरुवातीची तारीख दाखवा.

दुसरी चूक तोंडी सांगण्याची. महिने मोजले जातात ते लेखी अर्जाच्या तारखेपर्यंत. याच घरातून 9 नोव्हेंबरपूर्वी ई-मेल गेला असता, तर आठच महिने कापले गेले असते. काउंटरवर सांगून आलात तरी त्याच दिवशी मेल करा, बिल नंबर आणि मशीनचा सिरीयल नंबर लिहा.

जीएसटीबाबत मात्र उशीर महागात पडतो. विक्रेत्याला क्रेडिट नोट काढून कर कमी करून घ्यायची मुदत बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच असते. मार्च 2024 च्या बिलाची मुदत 30 नोव्हेंबर 2024 ला संपली, त्यामुळे 2,700 वरचे 486 रुपये द्यायला विक्रेता का-कू करतो. मुदतीत अर्ज केला असेल, तर ते मागायलाच हवेत.

रद्द करण्याचं शुल्क किंवा आधी झालेल्या दुरुस्तीचा खर्च वजा करणार असतील, तर करारातलं ते कलम लेखी मागा. कलमच नसेल, तर कपात मान्य करू नका. मशीन हप्त्यावर घेतलं असेल, तर परतावा फायनान्स कंपनीच्या कर्जखात्यात जाऊ शकतो, हेही विचारून घ्या.

उत्तरच मिळालं नाही, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही.