मराठी शब्दकोड्याचा गेम बनवताय? या चुका टाळा

एका चौकटीत एक अक्षर, असा लपलेला शब्द सहा चान्समध्ये ओळखायचा, त्या गेमबद्दल बोलतोय. नागपूर, विदर्भ, संत्रा. या तिन्ही शब्दांची `.length` काढून बघा, तिन्हींची 6 येते. आणि पाटीवर लिहून मोजली तर अक्षरं 4, 3 अन् 2. कारण कॉम्प्युटर अक्षर मोजतच नाही, तो कोड मोजतो, काना वेगळा, अनुस्वार वेगळा, हलन्तसुद्धा वेगळा. संत्रा म्हणजे त्याच्यासाठी स, ं, त, ्, र, ा. तरी दर महिन्याला कोणी ना कोणी पोट्टा येतो आणि विचारतो, भाऊ, चौकटी जास्त काऊन येत आहेत?

मग त्याला कोणीतरी ब्राउझरमधलं अक्षरं तोडून देणारं `Intl.Segmenter` सांगतं, तो लावतो, नागपूरचे चार तुकडे बरोबर पडले की काम झालं समजून मोकळा होतो. आता नागपूरमध्ये जोडाक्षरच नाही, तर ते चुकणार कसं! ओळखीतल्या एकाने असाच रोज एक शब्द देणारा गेम मित्रांच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवशीचा शब्द विदर्भ. अर्ध्यांना तीन चौकटी दिसल्या, अर्ध्यांना चार, आणि चारवाल्यांच्या तिसऱ्या चौकटीत नुसता र् पाय मोडून बसलेला. पोट्ट्याने दोन दिवस सीएसएस उचकलं. भानगड अशी की जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये 15.1 आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये आला, त्याआधीचा ब्राउझर हलन्तानंतर शब्द तोडतो. जुन्या फोनवर संत्राचेही सं, त्, रा असे तीन होतात. म्हणून मी मोजणी ब्राउझरवर सोडत नाही, स्वतःचा नियम ठेवतो:

```js
const AKSHAR = /[\u0904-\u0939\u0972](?:\u094D[\u0915-\u0939]|[\u0900-\u0903\u093C\u093E-\u094D])*/g;
"विदर्भ".match(AKSHAR); // वि, द, र्भ
```

अर्थ सोपा आहे: एक स्वर किंवा व्यंजन घ्या, हलन्तानंतर व्यंजन आलं तर त्याच चौकटीत, मात्रा-अनुस्वारही त्याच चौकटीत. चौकटी आखताना, उत्तर तपासताना, यादी लांबीनुसार गाळताना हीच एक ओळ वापरा, तीन ठिकाणी तीन वेगळे जुगाड नको.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. दऱ्या, वाऱ्यावर यातला तो झुपकेदार र दोन तऱ्हेने टाइप होतो, एक ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक, `U+200D`. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. यादीत एक प्रकार, खेळणाऱ्याच्या कीबोर्डवर दुसरा, की "शब्द सापडला नाही". आणि युनिकोडचं लेखन एकसारखं करणारं NFC लावून हे सुटत नाही. मग घाईवाले काय करतात, न दिसणारं सगळं सरसकट पुसतात. पुसलं की दऱ्याचा दर्या होतो, डोंगरातला माणूस डायरेक्ट समुद्रात! दोन्ही दोनच अक्षरी, त्यामुळे मोजणीतही पकडलं जात नाही. वरून बहुतेक याद्यांत मूळ शब्द असतात, म्हणजे दरी आहे, दऱ्या नाही, दर्या मात्र आहे, म्हणून गेम चुकीच्या कारणाने "बरोबर" म्हणतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. आधी र बदलायचा, मग उरलेलं पुसायचं, हाच क्रम:

```js
const saaf = s => s.normalize("NFC")
  .replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
  .replace(/[\u200C\u200D]/g, "")
  .replace(/\u0905\u0945/g, "\u0972");
```

शेवटची ओळ ॲपसाठी, तो ॲ पण दोन प्रकारे टाइप होतो. यादी आणि खेळणाऱ्याने टाइप केलेलं, दोन्ही यातून काढा, आणि मोजणी यानंतरच. तपासायला दऱ्या, दर्या, संत्रा, अर्थात् एवढे चार शब्द मी कायम टाकून बघतो.

मोल्सवर्थचा कोश फुकट मिळतो म्हणून सरळ यादी केली तर नांव, कांहीं असं जुनं लेखन येतं, 1857 ची आवृत्ती आहे राजेहो, ते अनुस्वार नंतरच्या नियमांत गेले. हिंदी यादी चालवू नका, तिथे नागपुर ऱ्हस्व आहे.

याद्या दोन ठेवा. ओळखायचे शब्द हाताने निवडलेले, मूळ रूपातले, थोडेच. अंदाज म्हणून चालणारे शब्द भरपूर, त्यात घरात, घराला, दऱ्या सगळं येऊ द्या, नाहीतर खेळणारा भांडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

आणि अंदाज बरोबर की चूक ते दाखवणारे चौकटींचे रंग दोनच ठेवू नका. उत्तर विदर्भ असताना कोणी पहिल्या चौकटीत वा टाकला तर व बरोबर आहे, मात्रा चुकली, त्याला तिसरा रंग द्या. मात्रा धरून अक्षरं शेकड्याने होतात, नुसत्या हो-नाहीवर सहा चान्समध्ये कोणाचा बाप ओळखणार!